अॅपवर ७७९, बँकेत ७२८: क्रेडिट स्कोअर वेगवेगळा का येतो आणि बँक नेमका कुठला बघते

पहिल्यांदा गृहकर्ज घेणाऱ्याची गाडी हमखास इथे अडते. मोबाइलवरच्या अॅपमध्ये स्कोअर ऐटीत दिसत असतो आणि बँकेतला माणूस कॉम्प्युटरकडे बघत म्हणतो, "सर, तुमचा स्कोअर जरा कमी येऊन राहिला." आपण मोबाइल पुढे करतो. तो बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "हा आमच्या कामाचा नाही."

नागपुरात बेसा रोडवरच्या फ्लॅटसाठी मी आणि बायकोने मिळून कर्ज काढलं, तेव्हा आमचंही असंच झालं. माझ्या अॅपवर ७७९ होता आणि बँकेच्या कागदावर ७२८. बँकेच्या तक्त्यात ७५०च्या वर एक व्याजदर होता आणि खाली दुसरा, पाव टक्क्याने जास्त. पाव टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. ३५ लाखांच्या २० वर्षांच्या कर्जावर साडेआठ आणि पावणेनऊ टक्के यांचा हिशोब मांडला, तर हप्त्यात साडेपाचशे रुपयांचा फरक पडतो आणि शेवटपर्यंत दर तसाच राहिला तर एकूण सव्वा लाखाच्या वर. त्यामुळे ५१ गुण गेले कुठे, हे शोधणं भाग होतं. ते कसं शोधायचं ते क्रमाने सांगतो.

आधी हे कागद जमवा

- पॅन कार्ड आणि पॅनशी जोडलेला, चालू असलेला मोबाइल नंबर
- आधार किंवा पत्त्याचा दुसरा पुरावा
- आजवर फेडलेल्या प्रत्येक कर्जाचं नो ड्यूज पत्र, म्हणजे कर्ज बंद झाल्याचं पत्र. मोबाइल, फ्रिज, एसी हप्त्याने घेतला असेल तर त्याचंही
- त्या कर्जाचा शेवटचा हप्ता कापल्याचं बँक स्टेटमेंट
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत

१. अॅपवरचा आकडा कोणाचा आहे ते बघा

स्कोअर अॅप काढत नाही. आपल्या देशात रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या चार कंपन्या ते काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. लोक सरसकट "सिबिल किती आहे?" असं विचारतात आणि तिथेच पहिला घोटाळा होतो, कारण मोबाइलवरचा आकडा यांपैकी कोणाचाही असू शकतो. स्कोअरच्या गोल काट्याखाली बारीक अक्षरात `Powered by` असं लिहून पुढे कंपनीचं नाव असतं. माझ्या अॅपवर तिथे `Experian` होतं. बँकेने काढला होता सिबिल.

त्याच पडद्यावर तारीखही असते, ती वाचा. बरीच अॅप आकडा महिन्यातून एकदाच ताजा करतात. अॅप आज उघडलं म्हणून आकडा आजचा नसतो.

२. चारही रिपोर्ट काढा, फुकटचे

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यावा लागतो. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट. त्यासाठी थेट कंपन्यांच्या साइटवर जा: `cibil.com`, `experian.in`, `equifax.co.in` आणि `crifhighmark.com`. साइटवर पैसे देऊन घ्यायची योजना मोठ्या बटणावर दिसते आणि फुकटच्या रिपोर्टची लिंक शोधावी लागते. घाईत कार्डाचा नंबर टाकू नका. तिथे कार्डाचा नंबर मागताहेत याचा अर्थ तुम्ही फुकटच्या पानावर नाही.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्याने स्कोअर कमी होत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की वर्षानुवर्षे लोक रिपोर्ट उघडतच नाहीत. कर्जाचा अर्ज आल्यावर बँकेने रिपोर्ट काढला तर मात्र त्याची चौकशी म्हणून नोंद होते आणि तिचा परिणाम होतो.

चारही रिपोर्ट शक्यतो एकाच दिवशी काढा. माझे आले ते असे: सिबिल ७२८, क्रिफ ७४१, इक्विफॅक्स ७६४, एक्स्पिरियन ७७९.

३. आकडा सोडा, ओळी जुळवून बघा

चारही कंपन्यांची पट्टी ३०० ते ९०० अशीच असल्यामुळे आकडे एकमेकांशी ताडून बघायचा मोह होतो. पण प्रत्येकीचं सूत्र वेगळं आणि गुप्त आहे. दोन वेगळ्या बोर्डांचे टक्के जसे शेजारी ठेवून तोलता येत नाहीत, तसंच हे. समजा चारही ठिकाणी अगदी सारखीच माहिती असली, तरी १०-२० गुणांचा फरक राहू शकतो आणि त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही. ५१ गुणांचा फरक मात्र बहुधा माहितीच वेगळी असल्याची खूण असते.

म्हणून एक मोठा कागद घ्या. डावीकडे तुमची सगळी खाती लिहा, चालू आणि बंद दोन्ही, आणि वर चार कंपन्यांची नावं. प्रत्येक खान्यात चारच गोष्टी भरा: खातं चालू आहे की बंद, बाकी किती, थकबाकी किती, आणि कर्ज देणाऱ्याने शेवटची माहिती कधीच्या तारखेची दिली. शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

माझ्या तक्त्यात तीन ठिकाणी फरक निघाला.

पहिला एसीचा. नागपूरच्या मे महिन्यात कूलरने भागेना म्हणून सीताबर्डीवरून हप्त्याने एसी घेतला होता आणि सगळे हप्ते वेळेवर कापले गेले होते. एक्स्पिरियन आणि इक्विफॅक्समध्ये ते कर्ज बंद होतं. सिबिलमध्ये चालू होतं, ३,२०० रुपये थकीत होते आणि शेवटची माहिती कितीतरी महिन्यांपूर्वीची होती. क्रिफमध्येही चालू होतं, पण थकबाकी नव्हती.

हे असं कसं होतं? कर्ज देणाऱ्या बँका आणि फायनान्स कंपन्यांनी चारही ठिकाणी सभासद व्हावं, माहिती चारही ठिकाणी पाठवावी, असा नियम आहे. पण पाठवलेली प्रत्येक ओळ तपासून आत घेतली जाते. पॅन, जन्मतारीख किंवा नाव जुळलं नाही तर ती ओळ परत जाते. कर्ज देणाऱ्याने ती दुरुस्त करून पुन्हा पाठवायची असते. पाठवली नाही तर त्या एका कंपनीकडे जुनीच ओळ गोठून राहते आणि बाकीच्या तिघींकडे कर्ज बंद झालेलं दिसतं. माझ्या बाबतीत फायनान्स कंपनीकडे जन्मतारखेचा महिना चुकला होता.

दुसरा फरक क्रेडिट कार्डाचा. माझ्या कार्डाची मर्यादा ८०,००० रुपये. घरखर्च त्यावरूनच करतो आणि पूर्ण बिल वेळेवर भरतो, त्यामुळे व्याज कधी लागत नाही. पण कंपन्यांकडे जाते ती ठरावीक दिवशीची बाकी. जानेवारी २०२५पासून बँकांना दर पंधरवड्याची माहिती द्यावी लागू लागली, १५ तारखेची आणि महिनाअखेरची. माझं बिल १२ तारखेला बनतं आणि भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला. म्हणजे १५ तारखेला जवळपास ५८,००० बाकी दिसणार, मर्यादेच्या ७२ टक्के. सूत्राला हा माणूस ओढाताणीत आहे असं वाटतं. अॅपवरचा एक्स्पिरियनचा आकडा ज्या तारखेचा होता, तेव्हाची बाकी ११,००० होती. या फरकात कोणाचीच चूक नव्हती. दिवस वेगळे होते, इतकंच.

तिसरा फरक चौकशीचा, आणि याची बहुतेकांना कल्पनाच नसते. बँक ज्या कंपनीकडून रिपोर्ट काढते, चौकशी फक्त त्याच कंपनीच्या रिपोर्टवर उमटते. आमच्या फ्लॅटच्या बिल्डरकडे बसणाऱ्या कर्ज एजंटने "बघतो सर, कुठे चांगला रेट भेटते ते" म्हणत आमची फाइल एकाच आठवड्यात बऱ्याच बँकांकडे फिरवली. त्या सगळ्यांनी सिबिल काढला. सिबिलवर चौकश्यांची रांग लागली आणि इक्विफॅक्सवर एकही नव्हती. एजंटला सही केलेला अर्ज देताना कुठल्या बँकेत जाणार ते आधी लिहून घ्या, आणि एका वेळी एक-दोन बँकांच्या पुढे जाऊ देऊ नका.

कुठल्या ओळीने किती गुण कापले, हे बाहेरच्या कोणालाच काढता येत नाही. "ही ओळ काढली की ४० गुण वाढतील" असं सांगून पैसे मागणाऱ्यांचे फोन तुम्हालाही येतील. सूत्र त्यांच्याकडेही नाही.

४. नावाचा गुंता वेगळा तपासा

आपल्याकडे नाव लिहायच्या इतक्या तऱ्हा आहेत की कंपन्यांची तारांबळ उडते. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या बाईचं तर विचारूच नका: पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि जुनं बँक खातं तिसऱ्याच तऱ्हेने. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता आणि मोबाइल जुळवून कंपनी ठरवते की ही दोन खाती एकाच माणसाची आहेत की नाही. प्रत्येक कंपनीचं हे जुळवणं वेगळं असतं.

माझ्या बायकोची इक्विफॅक्समध्ये सगळी खाती एकत्र होती. सिबिलमध्ये मात्र लग्नाआधीचं शैक्षणिक कर्ज, जे तिने एकही हप्ता न चुकवता फेडलं होतं, रिपोर्टवर नव्हतंच. तिचा सगळ्यात चांगला इतिहास तिच्याच नावाखाली दिसत नव्हता. उलटंही होतं: सारख्या नावाच्या दुसऱ्याच माणसाचं कर्ज तुमच्या रिपोर्टवर येऊन बसतं. म्हणून पहिल्या पानावरचे जुने पत्ते आणि मोबाइल नंबरही वाचा. आपण कधी न राहिलेला पत्ता दिसला तर खालची खाती डोळ्यात तेल घालून बघायची.

५. बँक कुठला स्कोअर बघते ते सरळ विचारा

एकच कुठला ठरलेला नाही. कोणाचा रिपोर्ट घ्यायचा, ते प्रत्येक बँक आपल्या धोरणात ठरवते. गृहकर्जात सिबिलचं पारडं जड आहे. स्टेट बँकेसारख्या बँकांनी गृहकर्जाचा व्याजदरच सिबिलच्या स्कोअरशी जोडलाय. काही बँका दोन कंपन्यांचे रिपोर्ट काढतात. मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा दुसऱ्या कोणाचा घेतात. बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांमध्ये क्रिफ हाय मार्कचा वापर जास्त, कारण त्या कंपनीची सुरुवातच त्या क्षेत्रातून झाली.

शाखेत गेलात की हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या:

- रिपोर्ट कोणाचा काढता, आणि दोन काढत असाल तर दर कशावरून ठरतो?
- व्याजदराचे टप्पे कुठल्या आकड्यांवर बदलतात?
- सहकर्जदार असेल तर कोणाचा स्कोअर धरता? काही ठिकाणी कमी असलेला धरतात, काही ठिकाणी मुख्य कर्जदाराचा.
- काढलेला रिपोर्ट किती दिवस चालतो, आणि दुरुस्ती झाल्यावर नवा काढाल का?

शेवटच्या प्रश्नावर आमच्या शाखेतल्या अधिकाऱ्याने जरा आढेवेढे घेतले. पण दुरुस्तीचं पत्र दाखवलं तर नवा रिपोर्ट काढू, असं तो म्हणाला.

आणखी एक. सिबिलच्याच साइटवर तुम्हाला दिसणारा आकडा आणि बँकेला सिबिलकडूनच मिळणारा आकडा यांतही थोडा फरक पडू शकतो, कारण स्कोअरच्या सूत्राच्या एकाहून जास्त आवृत्त्या वापरात आहेत. अशा वेळी भांडू नका. बँकेच्या रिपोर्टवरची तारीख आणि खात्यांच्या ओळी तुमच्या प्रतीशी जुळतात का, एवढंच बघा. ओळी जुळत असतील तर तो फरक सूत्राचा आहे.

स्कोअरने दार उघडतं आणि दराचा टप्पा ठरतो. त्यापुढे बँक रिपोर्ट स्वतः वाचते आणि आपली वेगळी फूटपट्टी लावते. ७८० स्कोअर असूनही जुन्या कार्डापुढे `Settled` लिहिलेलं दिसलं, म्हणजे पूर्ण पैसे न भरता तडजोड केलेली दिसली, तर फाइल परत येऊ शकते. कोणाला जामीन राहिला असाल तर तेही तिथे दिसतं. पगारदारांच्या पतसंस्थेचं कर्ज मात्र या रिपोर्टमध्ये सहसा नसतं. म्हणून ते लपेल असं समजू नका. पगारपत्रकावर कपात दिसते आणि बँक ती तुमच्या हप्त्याच्या ऐपतीतून वजा करते.

६. दुरुस्ती दोन्हीकडून लावा

चूक सापडली की ज्या कंपनीच्या रिपोर्टवर आहे, तिच्याच साइटवर तक्रार नोंदवा. याला पैसे लागत नाहीत. सिबिलवर केलेली तक्रार क्रिफला कळत नाही, म्हणून मला दोन्हीकडे वेगळी करावी लागली. तक्रारीत नेमकी ओळ लिहा: खातं क्रमांक, तुमच्या रिपोर्टवर काय दिसतं, काय दिसायला हवं, आणि सोबत नो ड्यूज पत्र.

स्कोअर काढणारी कंपनी आपल्या मनाने ओळ बदलत नाही. ती कर्ज देणाऱ्याला विचारते आणि त्याने होकार दिला की बदलते. त्यामुळे तक्रार तिथेच अडकते. म्हणून त्याच दिवशी कर्ज देणाऱ्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही मेल टाका. माझ्या मेलचं पहिलं उत्तर आलं, "आमच्या सिस्टीममध्ये कर्ज बंदच आहे." म्हणजे त्यांच्या दृष्टीने विषय संपला. मी त्यांना सिबिलच्या पानाचा फोटो पाठवला आणि "तुमच्याकडे बंद आहे, तर मग सिबिलकडे बंदची ओळ पुन्हा पाठवा आणि जन्मतारीख पॅनप्रमाणे दुरुस्त करा" असं स्पष्ट लिहिलं. काम त्या वाक्याने झालं. "स्कोअर सुधारा" असं लिहाल तर कोणीच काही करणार नाही, कारण स्कोअर त्यांच्या हातात नसतो. त्यांच्या हातात ओळ असते.

बायकोसाठी नाव बदलल्याचा पुरावा जोडून बँकेत पॅन आणि नाव अद्ययावत करून घेतलं, आणि सिबिलकडे "हे खातं माझं आहे, पण रिपोर्टवर नाही" अशी तक्रार केली.

तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम एप्रिल २०२४पासून लागू आहे. त्यासाठी तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. क्रेडिट स्कोअरच्या कंपन्याही सप्टेंबर २०२२पासून त्याच्या कक्षेत आहेत. आरबीआय चौकातल्या इमारतीत जाऊन अर्ज द्यायची गरज नाही, `cms.rbi.org.in` वर तक्रार घरूनच होते.

७. दुरुस्ती झाली म्हणजे आकडा लगेच वाढला असं नाही

ओळ बदलल्याचा मेल आला की स्वतःचा रिपोर्ट पुन्हा काढा आणि ती ओळ डोळ्यांनी बघा. या वेळी कदाचित पैसे भरावे लागतील, कारण फुकटचा वापरून झालेला असतो. ते द्या. बँकेला नवा रिपोर्ट काढायला सांगाल तेव्हा तो रिकाम्या हाताने काढायला लावू नका, कारण त्याचीही चौकशी नोंदली जाते.

मधल्या काळात कार्डाची सोय केली. १३ तारखेला ५०,००० रुपये भरून टाकले, म्हणजे १५च्या माहितीत बाकी ८,०००च्या आसपास गेली. व्याजाच्या दृष्टीने काहीच फरक नाही, तेवढेच पैसे थोडे आधी दिले. कर्जाचा अर्ज करायच्या आधीचे दोन-तीन महिने एवढं पाळा. चौकश्या मात्र पुसता येत नाहीत. नवी चौकशी होऊ न देणं एवढंच हातात असतं.

एसीची ओळ बंद झाली, कार्डाची बाकी उतरली आणि सिबिल ७६१ झाला. एक्स्पिरियन ७८२वर, म्हणजे जवळपास तिथेच, कारण तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. दोघांत २१ गुणांचा फरक अजूनही आहे, तो मी सोडून दिला. बँकेने नवा सिबिल काढला आणि पाव टक्क्याने कमी असलेला दर लागला.

८. मंजुरीनंतर दुकानात सांभाळून

मंजुरीपत्र हातात आलं की घरात नव्या फर्निचरचे, टीव्हीचे बेत सुरू होतात आणि दुकानदार "बिनव्याजी हप्ता आहे, घ्या ना" म्हणतो. त्या हप्त्यासाठीही चौकशी होते आणि नवं कर्ज उघडतं. रक्कम बिल्डरला देण्याआधी, विशेषतः मंजुरी आणि रजिस्ट्रीत बराच वेळ गेला असेल तर, बँक रिपोर्ट पुन्हा बघू शकते. नवा हप्ता दिसला की तुमची ऐपत पुन्हा मोजली जाते. पहिला चेक बिल्डरकडे जाईपर्यंत टीव्ही रोखीने घ्या, नाही तर जुनाच चालू द्या.